कोड कोणाच्या फोनवर जातो?

आज गिरगावातल्या एका चाळीत वॉशिंग मशीन पोहोचवायचे होते, म्हणून दुपारी चार ते सहा ही वेळ पक्की करण्यासाठी मी सकाळीच काकूंना फोन केला. वेळ सोयीची होती; अडचण निघाली ती माल घेताना सांगायच्या कोडची. ऑर्डर काकूंच्या पुण्यातल्या मुलाने स्वतःच्या नंबरवरून केल्यामुळे कोड त्याच्याच फोनवर जाणार होता, आणि तो नेमका चार वाजता मीटिंगमध्ये. कोड टाकल्याशिवाय माल दिल्याची नोंद होत नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर चढवलेले मशीनही टेम्पोवाल्याला परत उतरवावे लागते.

मुलाशी बोलून संपर्काचा नंबर काकूंचा करून घेतला, टेम्पोवाल्याचा नंबर त्यांना पाठवला आणि सोबत लिहिले : "मशीन दारात आल्यावर, खोके पाहूनच कोड सांगावा. फोनवर कोणी मागितल्यास, अगदी मी मागितला तरी, देऊ नये. आपण घरी नसल्यास शेजारच्या वहिनी माल घेतील. तेव्हा आपणच त्यांना फोन करून कोड कळवावा. त्याही नसल्यास उद्या सकाळी दहा ते बारा."

"तुम्हालाही नाही?" असे काकूंनी दोनदा विचारून घेतले. पावणेपाचला खोक्यावरचे नाव मोठ्याने वाचून मगच त्यांनी कोड सांगितला, असे टेम्पोवाला म्हणाला.