एका भिंतीने टाळी वाजत नाही

रिकाम्या खोलीत एकच खणखणीत टाळी वाजवून गप्प उभे राहा. टाळी संपते आणि मागे झिंऽऽग असा पत्र्यासारखा सूर रेंगाळतो. हा फ्लटर एको. साधा घुमारा सगळीकडून येतो आणि विरून जातो. हा मात्र समोरासमोरच्या दोन टणक भिंतींमध्ये चेंडूसारखा टप्पे खात राहतो. भिंती 3 मीटर अंतरावर असतील आणि तुम्ही मधोमध असाल, तर दर 9 मिलिसेकंदांनी एक टप्पा कानावर येतो. सेकंदाला शंभराहून जास्त झाले! इतके टप्पे कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सूरच होतो. मोठ्या दालनात तेच तडतड असे वेगवेगळे कळतात.

टाळीला दोन हात लागतात तशा या सुराला दोन भिंती लागतात. त्यातली जोडी कोणती, एवढेच शोधायचे. समजा खोली 3 बाय 4 मीटरची आहे. लांबीच्या एका टोकाला जाड पडदा आहे, दुसऱ्या टोकाला पुस्तकांचे उघडे कपाट. म्हणजे संशय उरलेल्या दोन कोऱ्या भिंतींवर. कुणाला तरी एका भिंतीशी गादी उभी धरायला सांगा आणि तिच्यासमोर पुन्हा टाळी वाजवा. झिंग गेली तर चोर सापडला. नाही गेली तर गादी जमिनीवर टाका. कधीकधी फरशी आणि छत हीच जोडी असते.

जोडीतली एक बाजू मऊ झाली की खेळ मोडतो, म्हणून दोन्ही भिंती मढवण्याची हौस नको. 60 बाय 120 सेंटिमीटरच्या तीन लाकडी चौकटी पुरतात. त्यांत रॉकवूलची, म्हणजे दगडाच्या बारीक तंतूंची, 5 सेंटिमीटर जाडीची पाटी बसवा (हातमोजे आणि मास्क घालूनच) आणि वरून कापड ताणा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावले तर वरचे सूर आत शिरण्याऐवजी परत फिरतात. बसायच्या जागेजवळ एका भिंतीवर दोन चौकटी उभ्या लावा, मध्ये 60 सेंटिमीटर जागा सोडा आणि तिसरी समोरच्या भिंतीवर नेमकी त्या मोकळ्या जागेसमोर टांगा. खालची कड जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर ठेवली की बसलेल्याचे आणि उभ्याचे, दोघांचेही कान त्या पट्ट्यात येतात. भिंतीपासून 5 सेंटिमीटर पोकळी सोडली, तर त्याच पाटीची पकड आणखी खालच्या सुरांपर्यंत जाते.

पातळ फोमने भिंती भरल्या की फसगत होते. झिंग जाते, पण फोम फक्त वरचे सूर खातो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटू लागते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर न बोललेलेच बरे. टाळीत मुळात खर्ज फारसा नसतो, म्हणून ती स्वच्छ वाजली तरी खोलीतला खालचा घुमारा गेला असे समजू नका.

शेवटी हात डोक्यावर नेऊन छताजवळ टाळी वाजवा. वरच्या कोऱ्या पट्ट्यात थोडी झिंग बहुधा उरलेली असेल. तिथे ना कान असतात ना माइक, तेव्हा ती खुशाल राहू द्या.