सरांची पोस्ट, आपली कॉमेंट

"माझ्या जुन्या साहेबांनी लिंक्डइनवर जे लिहिलंय ते मला चुकीचं वाटतं. खाली तसं लिहिलं तर नाव खराब होईल का? आणि लिहायचंच झालं तर कसं लिहू?"

तुम्ही विचारलंत म्हणून माझ्यावर आलेला एक प्रसंगच सांगते.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्या सरांनी एकदा लिहिलं : "आम्ही टीममधले वेगळे टेस्टर काढून टाकले. डेव्हलपरच स्वतःचं काम तपासतात. महिन्याला नोंदवले जाणारे बग 40 वरून 25 वर आले." खाली अभिनंदनाच्या ओळीवर ओळी होत्या. दोघातिघांनी तर "आम्हीही हेच करतोय" असं लिहिलं होतं.

ते वाचलं आणि मी लिहायचं ठरवलं. पोस्टमध्ये साल चुकलं असतं किंवा कुणाचं नाव राहिलं असतं, तर मी सरांना खासगीत कळवलं असतं. इथे मात्र तो आकडा वाचून लोक आपापल्या टीमचे निर्णय घेणार होते, त्यामुळे उत्तरही तिथेच, सगळ्यांना दिसेल असं हवं होतं.

माझा पहिला मसुदा असा होता : "सर, खूप छान पोस्ट! पण बग कमी झाले की बग शोधणारे कमी झाले?" तो टाकला नाही याचं मला आजही बरं वाटतं. मुद्दा बरोबर होता, पण वाक्य टाळीसाठी लिहिलेलं होतं. शिवाय उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न म्हणजे चिमटाच, आणि ज्येष्ठ माणसाला तो लगेच कळतो. "खूप छान" म्हणून पुढच्याच शब्दाला "पण" लावला, तर ते कौतुकही खोटं पडतं.

शेवटी टाकलं ते हे :

"सर, डेव्हलपरने स्वतःचं काम तपासल्यावर दुरुस्ती लवकर होते, हा अनुभव मलाही आहे. नोंदींच्या आकड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे टेस्टर कमी केल्यावर महिन्याच्या नोंदी 50 वरून 30 वर आल्या, पण ग्राहकांनी कळवलेले बग 5 वरून 14 झाले. नोंदी करणारेच कमी झाल्याने एकूण आकडा घटला होता. हा एकाच टीमचा, तीन महिन्यांचा अनुभव आहे. तुमच्याकडे ग्राहकांकडून येणारा आकडा वेगळा ठेवला असेल, तर तो बघायला आवडेल."

पूर्वपक्ष आधी मांडायचा ही आपल्याकडची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते, मात्र त्यातलं जे खरोखर पटलंय तेवढंच मांडावं. मतभेद एका आकड्यापुरताच ठेवला. सरांचा निर्णय, त्यांचा हेतू यांना हात लावला नाही. माझ्या अनुभवाची मर्यादा मीच सांगितली, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाला दाखवून द्यावी लागली नाही. शेवटचा प्रश्नही खरा होता, कारण त्यांचा आकडा मला खरंच माहीत नव्हता. "सर" एकदाच लिहिलं आणि माफी कुठेच मागितली नाही. चार वेळा माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी आगाऊपणा चाललाय.

लिहिण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही कॉमेंट सरांपुरती राहत नाही. तुमच्या नावाखाली तुमचं पद दिसतं आणि तुमच्या ओळखीच्यांच्या फीडमध्येही ती कॉमेंट जाऊ शकते. उद्या तुम्हाला कामावर घेणारा माणूस ती सरांना न ओळखता वाचेल. म्हणून तुमच्या दोघांतलं जुनं काही, एखादा टोमणा किंवा "तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात" हे त्यात नको.

सरांनी उत्तर दिलं : "आमचे ग्राहक मोजके आहेत. त्यांच्याशी रोज बोलणं होतं. तक्रारी वाढलेल्या नाहीत." मी लिहिलं : "हे मला माहीत नव्हतं. मग माझा मुद्दा तुमच्या टीमला कमी लागू पडतो. जिथे ग्राहकांशी थेट बोलणं नसतं, तिथे तो आकडा वेगळा मोजावा असं मला अजूनही वाटतं." तिथे मी थांबले. तिसऱ्यांदा लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांचं लक्ष मुद्द्यावरून उडून आमच्या दोघांवर गेलं असतं.

खरी कसोटी त्यानंतर आली. एका अनोळखी माणसाने माझ्या कॉमेंटखाली लिहिलं : "बरोबर! या साहेब लोकांना प्रत्यक्ष काम कुठे माहीत असतं?" तो माझ्या बाजूने बोलत होता, आणि नाव खराब व्हायची भीती मला सगळ्यात जास्त तिथेच वाटली. गप्प बसले असते तर ते वाक्य माझ्याच खात्यावर जमा झालं असतं. त्याला लाइक दिलं नाही. तासाभरात खाली लिहिलं : "माझं म्हणणं तसं नाही. हे काम मी सरांकडूनच शिकले. मतभेद फक्त नोंदी कशा मोजायच्या एवढ्यापुरता आहे."

त्या ओळीला सरांनी लाइक दिलं. पोस्ट त्यांनी बदलली नाही.