जवळचा मित्रही सांगणार नाही

वादविवाद स्पर्धेचा विषय छापून येतो : 'विपणन अनावश्यक गरजा निर्माण करते.' दुपारच्या सुस्तीत हे वाक्य दोन-तीनदा वाचलं की त्यातला खडा दाताखाली येतो. गरज म्हणजे जिच्यावाचून भागत नाही ती. मग ती अनावश्यक कशी? हे बिनपाण्याच्या विहिरीसारखं झालं. विषय काढणाऱ्याच्या मनात 'हवंसं वाटणं' असणार आणि कागदावर येईपर्यंत त्याची 'गरज' झाली असणार.

विरोधी बाजूचा वक्ता जरा जरी जागा असला, तर तो नेमका इथेच पाय रोवतो. "गरज असेल तर अनावश्यक नाही आणि अनावश्यक असेल तर ती गरज नाही. बसा खाली." सभागृह हसतं. हसलेलं सभागृह परत आपल्याकडे वळवायला दीड मिनिट जातं, आणि हाताशी असतात पाच. त्यामुळे बाजू मांडणाऱ्याने हा खडा स्वतःच आधी काढून दाखवावा. पहिल्या चाळीस सेकंदांत, म्हणजे साधारण ऐंशी शब्दांत, सांगून टाकावं : 'गरज' हा शब्द आम्ही 'हवंसं वाटणं' या अर्थी घेतो, आणि 'अनावश्यक' म्हणजे विकणारा आला नसता तर जे हवंसं वाटलंच नसतं ते. पण या ऐंशी शब्दांवर सहसा कोणी मेहनत घेत नाही. लहानपणी 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' हे एका श्वासात म्हणायची जी सवय लागते ती मोठेपणीही सुटत नाही. सगळा जीव नमनात जातो आणि व्याख्या घाईत उरकली जाते.

ही व्याख्या हवेतली नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये साधारण हेच म्हटलं होतं : ज्या उत्पादनाने इच्छा भागते, त्यानेच जर ती जन्माला घातली असेल, तर ती भागवणं फार निकडीचं आहे असं म्हणता येत नाही. हे नाव घेतलं की परीक्षकांची मान हलते. पण तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, दुसरे अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी दिलेलं उत्तर विरोधी बाजूच्या टाचणात असण्याची दाट शक्यता असते. हायेक म्हणतात, अन्न-निवाऱ्यासारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर माणसाला आईच्या पोटातून आलेल्या इच्छा असतातच किती? कादंबरी वाचायची ओढ कादंबऱ्या लिहिल्या जातात म्हणून लागते. मग साहित्यही अनावश्यक म्हणायचं का?

हा घाव खरा आहे. 'पण साहित्य ही वेगळी गोष्ट आहे' एवढं म्हणून तो चुकवता येत नाही. गॅलब्रेथ यांचं नाव घेऊन मोकळं झालेलं भाषण बहुधा इथेच कोसळतं. यातून बाहेर पडायला एक उदाहरण लागतं, आणि एकच लागतं. सिगारेट, हिरे, गोरं करणारी मलमं, दरवर्षी बदलणारे मोबाइल अशी यादी वाचून दाखवली तर विरोधी बाजू त्यातलं सगळ्यात कच्चं उदाहरण उचलते आणि उरलेली त्याच्याबरोबर बुडतात. एकाच उदाहरणाला अडीच मिनिटं द्यावीत, आणि ते लिस्टरीन या चूळ भरायच्या औषधाचं असावं.

हे औषध अमेरिकेत १८७९ मध्ये निघालं, शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून. जंतुविरहित शस्त्रक्रियेचा पाया घालणारे जोसेफ लिस्टर यांच्यावरून नाव ठेवलं. पुढे दंतवैद्य ते वापरू लागले, मग दुकानात सरळ मिळू लागलं. खप बरा होता, पण डोळे दिपावेत असा नव्हता. १९२० च्या दशकात कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा जेरार्ड लॅम्बर्ट याच्या काळात जाहिरातींनी 'हॅलिटोसिस' हा शब्द उचलला. लॅटिनमधला श्वास आणि आजारांच्या नावांमागे लागणारं ग्रीक शेपूट. अर्थ काय, तर तोंडाला येणारा वास. पण हे नाव घेतलं की ती चारचौघांत न बोलायची गोष्ट राहत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची होते. एका गाजलेल्या जाहिरातीत एक देखणी तरुणी आहे. तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्नं होताहेत आणि ती नेहमी करवलीच, नवरी कधीच नाही. कारण? ते तिला कोणी सांगतच नाही. जवळचा मित्रही सांगणार नाही, हे त्या जाहिरातींचं पालुपद.

इथे पाठांतराची पहिली चूक होते. वक्ता आवेशात म्हणतो, 'कंपनीने एक आजारच शोधून काढला!' टाळ्या पडतात. विरोधी वक्ता शांतपणे उठतो आणि सांगतो, की हा शब्द जोसेफ हाऊ नावाच्या डॉक्टरने १८७४ मध्येच श्वासावरच्या पुस्तकात छापला होता, लिस्टरीनच्या पाच वर्षं आधी. वासाचं म्हणाल तर तो खराच आहे. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू गंधकाची संयुगं सोडतात, झोपेत लाळ कमी झाली की सकाळी तो वाढतो. म्हणजे आजार होता, नावही होतं, कंपनीने फक्त औषध पुढे केलं. मग गरज निर्माण केली कुठे?

भाषणाचा सगळा जीव या प्रश्नाच्या उत्तरात आहे. वास निर्माण केला असं म्हणायचंच नाही. शंका निर्माण केली असं म्हणायचं. लिहून पाहिलं तर तो परिच्छेद असा होतो :

"सन्माननीय परीक्षक, स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय झालेली असते. दुसऱ्याला तो कळतो, पण जाहिरात म्हणते की तो सांगणार नाही. म्हणजे ज्याला त्रास आहे त्यानेही बाटली घ्यायची आणि ज्याला नाही त्यानेही घ्यायची, कारण आपल्याला तो नाही हे त्याला कळणार कुठून?"

पंचवीस-तीस सेकंदांचा मजकूर. पण हायेक यांचं उत्तर यातच आहे. कादंबरी वाचून झाली की आवडली की नाही ते वाचणारा स्वतः ठरवतो. तहान भागली की घशाला कळतं. इथे भागलं की नाही हे सांगणारं मापच गिऱ्हाइकाकडे ठेवलेलं नाही. इच्छा शिकवलेली आहे एवढ्याने ती अनावश्यक ठरत नाही, हे हायेक यांचं म्हणणं खुशाल मान्य करावं. आपला आक्षेप, ती तृप्त झाल्याचं कळू नये अशी शिकवली, याला आहे. आपल्याकडची म्हण गरज सरली की वैद्याला निरोप देते. हा वैद्य गरज सरू न देण्याची व्यवस्था करूनच घरात शिरतो. (म्हण भाषणात वापरायची तर एकदाच, आणि हसू यायची वाट बघत थांबू नये.)

दुसरी चूक जास्त शिकलेले वक्ते करतात. त्यांना शोधताना सापडतं, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये याच लिस्टरीनच्या कंपनीला दुरुस्तीच्या जाहिराती करायला लावल्या. सर्दी आणि घसादुखी याने टळत नाही हे जाहिरातीतच सांगा, आणि सुमारे १ कोटी डॉलर खर्च होईपर्यंत सांगत राहा, असा आदेश होता. कंपनी न्यायालयात गेली, पण दुरुस्ती करण्यातून तिची सुटका झाली नाही. मोह पडावा असाच ऐवज आहे. पण तो पुरावा खोट्या दाव्याचा आहे. सर्दी टळावी ही इच्छा कोणी निर्माण केलेली नाही, ती होतीच. तिला चुकीचं उत्तर विकलं गेलं. फसवणूक हा एक गुन्हा, हवंसं वाटायला लावणं ही निराळीच करामत. दोन्ही एका दमात सांगितलं की विरोधी वक्ता म्हणतो, 'मग कायदा आहे ना, तो पाहील.' आणि विषय हातातून जातो. करवलीच्या जाहिरातीवर कायद्याला बोट ठेवता आलं नसतं. तिच्यात खोटं असं वाक्य शोधायला गेलं तर सापडत नाही, एक गोष्ट तेवढी आहे.

राहता राहिली फोर्डची एडसेल. विरोधी बाजूच्या खिशात ती असतेच. १९५७ मध्ये गाजावाजा करून आणलेली मोटार १९५९ मध्ये बंद करावी लागली, नुकसान सुमारे २५ कोटी डॉलरचं. जाहिरातीत इच्छा निर्माण करायची ताकद असती तर एडसेल का पडली? याला तीसपेक्षा जास्त सेकंद देऊ नयेत. प्रत्येक जाहिरात यशस्वी होते असा आपला दावा नाही. एडसेल न घेणाऱ्यांनी मोटार घ्यायचं सोडलं नाही, दुसरी घेतली. जाहिराती एकूण मागणी वाढवतात की गिऱ्हाइकं फक्त इकडून तिकडे ओढतात, यावर अर्थशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही, आणि कित्येक मालांच्या बाबतीत दुसरी बाजूच खरी असावी. हे आपणच कबूल केलेलं चांगलं. लिस्टरीनमध्ये मात्र एका बाटलीवरून दुसरीवर जायचा प्रश्न नव्हता. आधी कुठलीच बाटली नसलेल्या हातांत ती गेली.

विरोधी बाजूला सहसा न सुचणारा, पण सुचला तर उत्तर नसलेला एक मुद्दा आहे. हे भाषणही तेच करतं. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना तोंडाच्या वासाची काळजी नव्हती अशा शंभर माणसांना ती लावून वक्ता खाली उतरतो. पुढच्या रांगेतला कोणी बोलता बोलता तोंडावर हात धरतो. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं जातं, तो उठतो, तळहातावर हळूच फुंकर मारून बघतो. त्यावरून काही कळत नाही म्हणतात. तरीही तो दुसऱ्यांदा मारतो आणि माईककडे जातो.