हातभर लाल पट्टा

"मामा, सगळ्यात जाड थराला सगळ्यात जास्त वर्षं लागली असणार ना?"

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून भाची मोबाइलवर सहलीतला घाटातल्या कड्याचा फोटो दाखवत होती. दोन उंच काळे थर, मधे हातभर लाल पट्टा.

फोटो मोठा केला. पट्टा खालच्या बाजूला कुजलेल्या काळ्या दगडात हळूहळू मिसळत होता. वरची कड मात्र सुरीनं कापल्यासारखी, आणि तिथला रंग भाजक्या विटेसारखा गडद.

म्हणजे खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पाऊस खात उघडा पडला, त्याची माती झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. काळा थर काही वर्षांत, दशकांत साचू शकतो. माती व्हायला हजारो वर्षं जातात. किती हजार, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, कारण बरीच माती वाहूनही गेलेली असते.

हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं.

"म्हणजे वेळ या रेघेत आहे?" तिचं बोट लाल पट्ट्यावरून हलेना. मलाही तो फोटो अजून सोडवत नाही.

आपल्याकडच्या जुन्या विहिरीच्या भिंतीत असा पट्टा कुणी पाहिलाय का?