प्रकल्प एकदम गुळगुळीत आला, तर विद्यार्थ्याला विचारावं कधी? माझा अनुभव

मालवणच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे मुलं येतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भूगोलाचा प्रकल्प असतो आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, हा विषय दरवर्षी कुणीतरी निवडतंच. एका मुलीचा 22 पानांचा प्रकल्प आला. पहिल्या नऊ पानांत ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘बहुआयामी’ असे शब्द ओळीने बसलेले. तिचं आधीचं लेखन डोळ्यांसमोर असल्यामुळे हे तिनेच लिहिलंय का, अशी शंका लगेच आली. पण शंका आली एवढ्यावर मुलाला बोलावणं मला पटत नाही, म्हणून आधी काय तपासतो ते सविस्तर लिहितो.

सुरुवात जुन्या लेखनापासून. निदान तीन नमुने हवेत आणि ते वेगवेगळ्या परिस्थितीत लिहिलेले हवेत. माझ्याकडे वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वर्गातच लिहून घेतलेलं एक पान असतं, सत्र परीक्षेची उत्तरपत्रिका असते आणि क्षेत्रभेटीची वही असते. नुसत्या उत्तरपत्रिकेशी तुलना करणं अन्यायाचं आहे. घड्याळाकडे बघत लिहिलेलं उत्तर आणि महिनाभर घरी बसून केलेला प्रकल्प यांत फरक पडणारच, तो पडावा म्हणूनच तर आपण प्रकल्प देतो. त्यामुळे ‘आधीपेक्षा खूप चांगलं’ हे विचारण्याचं कारण होऊ शकत नाही.

शुद्धलेखन मी पूर्णपणे बाजूला ठेवतो. बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात मजकूर गेला की तिथला माणूस ‘आणी’चं ‘आणि’ आणि ‘परंतू’चं ‘परंतु’ न विचारता करून टाकतो. घरातली शिकलेली ताई वेलांट्या नीट करून देते. यात गैर काहीच नाही.

खरी खूण सवयींमध्ये असते. मूल सुधारतं तेव्हा आपण दाखवलेल्या चुका कमी होतात, पण ज्या सवयीबद्दल त्याला कुणी कधी बोललेलंच नाही ती तशीच राहते. या मुलीच्या तिन्ही नमुन्यांतली पहिली दहा-दहा वाक्यं मी मोजली. बहुतेक वाक्यं 20 ते 30 शब्दांची, ‘आणि मग’ने एकमेकांना जोडलेली. कोणत्याही शिक्षकाने त्यावर लाल पेन चालवलेलं नव्हतं. प्रकल्पाच्या पहिल्या नऊ पानांत मात्र ‘आणि मग’ एकदाही नाही आणि वाक्यं 12 ते 15 शब्दांच्या साच्यात. सवय अशी एका रात्रीत जात नाही. पुढच्या पानांवर, म्हणजे तिच्या सर्वेक्षणाच्या प्रकरणात, भाषा नेटकी असली तरी ‘आणि मग’ परत आलेलं होतं. म्हणजे सांधा नवव्या पानावर होता. सांधा कुठे आहे हे कळलं की प्रश्न कशाबद्दल विचारायचे हेही कळतं.

तरीही भाषेच्या एवढ्या पुराव्यावर मी बोलावलं नसतं. माझा नियम असा की भाषेतली एक गोष्ट आणि आशयातली एक गोष्ट, दोन्ही मिळाल्या तरच खास प्रश्न विचारायचे. आशयातली गोष्ट सहाव्या पानावर सापडली. तिथे रापणीला ‘खोल समुद्रातील मासेमारी पद्धत’ म्हटलं होतं आणि खालच्या तक्त्यात जून-जुलैचीही पकड दिली होती. रापण किनाऱ्यावरून ओढतात. होडीने जाळं अर्धगोलात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायचे. पावसाळ्यात लाटा फुटत असतात तेव्हा ती बंद असते. शहरातल्या मुलाने ही चूक केली तर ते अज्ञान. रापणकरांच्या वाडीतून येणारी मुलगी ही चूक स्वतः करील, हे पटत नाही.

दोन्ही कसोट्या लागल्या, म्हणून बोलावलं. इथे एक काळजी आधीपासून घेतलेली असते: जूनमध्येच वर्गाला सांगतो की प्रत्येक प्रकल्पावर पाच मिनिटं तोंडी प्रश्न होतील आणि गरज पडली तर पंधरा. त्यामुळे बोलावणं ही शिक्षा वाटत नाही आणि कुणाला एकट्याला बाजूला काढल्यासारखंही होत नाही. कच्ची वही घेऊन ये, एवढाच निरोप दोन दिवस आधी दिला. शेजारी एक सहकारी बाई बसल्या होत्या. चार शिक्षक समोर बसवले तर खरं लिहिणारं मूलही गप्प होतं आणि त्या गप्प बसण्याला पुरावा मानणं ही सगळ्यात मोठी चूक.

‘हे तू लिहिलंस का?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याला ‘हो’शिवाय उत्तर नसतं आणि एकदा ‘हो’ म्हटलं की पुढचं सगळं भांडण होतं. अवघड शब्दांचे अर्थही विचारत नाही, कारण महिन्यापूर्वी शब्दकोशातून घेतलेला शब्द आपणही विसरतो. प्रश्न कामाबद्दल असतात: ही आकडेवारी कुठे उभं राहून घेतलीस, कुणाला विचारलंस, आधी काय लिहिलं होतंस आणि मग काय बदललंस. आणि उत्तर घरच्या बोलीत द्यायची मोकळीक पहिल्याच वाक्यात देतो. प्रमाणभाषेचा अडसर असला तर आपण विषयाऐवजी भाषेचीच परीक्षा घेत बसतो.

मी विचारलं, “रापण कुठल्या महिन्यांत ओढतात?”

ती लगेच म्हणाली, “सर, पावसात खंय ओढतत? दर्या खवळलेलो आसता.”

मी सहावं पान तिच्यासमोर ठेवलं आणि तक्ता वाचायला सांगितला. वाचता वाचता ती थांबली. तिनेच सांगितलं की पहिली दोन प्रकरणं चुलतभावाने ‘तयार मजकूर आहे’ म्हणून दिली होती आणि तिने ती नीट वाचलीच नव्हती. मग सर्वेक्षणाबद्दल विचारलं, तर कच्च्या वहीत पेन्सिलीने काढलेलं जाळं होतं, दोन दोर आणि मधली पिशवी. जाळ्याचा वाटा वेगळा, माणसाचा वेगळा, दोराला नुसता हात लावणाऱ्यालाही थोडे मासे मिळतात, हे ती न अडखळता सांगत होती. छापील पानांवर नव्हते इतके तपशील तिच्या तोंडी होते. ते प्रकरण तिचंच होतं. प्रश्न न विचारता सगळा प्रकल्प एका मापाने फेकला असता, तर तिचं खरं कामही गेलं असतं.

पुढचा निर्णय महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियमाने होतो. अनेकजण अशा वेळी युजीसीच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतली 10 टक्क्यांची मर्यादा पुढे करतात. पण ते नियम शोधनिबंध आणि प्रबंधांसाठी आहेत. प्रकल्प अहवाल, स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत.

भेटीनंतर त्याच दिवशी अर्ध्या पानाची नोंद केली: कोणते नमुने पाहिले, कोणती दोन कारणं मिळाली, काय विचारलं, तिने काय सांगितलं. ‘चोरी’ हा शब्द नोंदीत नाही. नोंद तिला वाचून दाखवली, खाली तिची सही घेतली. पहिली दोन प्रकरणं पुन्हा लिहायला दहा दिवस दिले. टायपिंग नको, हाताने लिही, एवढी अट घातली.

नवी प्रकरणं नऊऐवजी पाच पानांची आली. तक्त्यात जून-जुलैच्या रकान्यांत ‘बंद’ असं लिहिलं होतं, पहिल्याच परिच्छेदात ‘आणि मग’ चारदा होतं आणि गुण मी त्या पानांवर दिले.