तक्ता, तिसरी आवृत्ती: बाण एकाच दिशेचा

मापांच्या रूपांतराचा तक्ता आता एका पानावर बसला आहे. वरच्या भागात स्वयंपाकघर, खालच्या भागात सुतारकाम. या खेपेचा खरा बदल म्हणजे प्रत्येक ओळीतला बाण. राउंड केलेला आकडा बाणाच्या दिशेनेच वाचायचा. उलट जायचं असेल तर मूळ आकड्यापासून नव्याने हिशेब करायचा. नमुन्यादाखल त्यातल्या चार ओळी:

| हे माप | → | हे वाचा | मूळ आकडा |
|---|---|---|---|
| १ सूत | → | ३.२ मिमी | ३.१७५ |
| १० सूत (सव्वा इंच) | → | ३२ मिमी | ३१.७५ |
| १ औंस | → | २८ ग्रॅम | २८.३५ |
| ३५०° फॅ. | → | १७५° से. | १७६.७ |

बाणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे राउंड केलेल्या आकड्याला गुणायचं नाही. कपाटाच्या दोन बाजूंना फळीच्या खुंट्यांसाठी सव्वा-सव्वा इंचावर १३ भोकं पाडायची आहेत असं धरा. डावी बाजू इंची टेपने आखली, तर बारा अंतरांचे बरोबर १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी होतात. उजवी बाजू ३२ मिमी धरून एकापुढे एक आखली, तर ३८४ होतात. खालची फळी सरळ दिसते, पण सगळ्यात वरची जवळजवळ एक सूत कलते आणि लेव्हलचा बुडबुडा मधे थांबत नाही. यावर उपाय असा: टेपचं शून्य पहिल्या भोकावरच ठेवायचं आणि तिथूनच सगळ्या खुणा करायच्या, ३१.७५, ६३.५, ९५.२५, १२७. खूण अर्ध्या मिलिमीटरला राउंड केली तरी चूक पाव मिलिमीटरच्या पुढे जात नाही, कारण ती पुढच्या खुणेत उतरत नाही.

प्लायची ओळ तक्त्यातून मुद्दाम काढली. म्हापशाला काय, फोंड्याला काय, दुकानात १८ मिमीच्या प्लायला सर्रास ‘पाऊण इंची’ म्हणतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. ते नाव माप समजून १९ ची खाच मारली की फळी एक मिलिमीटर खुळखुळते आणि गोंद ती पोकळी भरून धरत नाही. हातात आलेला तुकडा व्हर्नियरने मोजायचा आणि त्याच मापाची खाच मारायची.

स्वयंपाकघरात राउंड केल्याने फारसं बिघडत नाही. घरच्या ओव्हनचं बटण दोन अंशांइतकं नेमकं नसतंच. अडचण कपाची आहे, कारण कप आकारमान मोजतो आणि ग्रॅम वजन. २४० मिलीच्या कपात चमच्याने हलकेच भरलेला मैदा साधारण १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. बेबिंकाच्या पिठात हे ३० ग्रॅम लगेच कळतात: नारळाच्या दुधातलं मिश्रण डावातून धारेने न पडता थबकत पडतं, आणि थर भांड्याच्या कडेपर्यंत आपोआप पसरत नाही. म्हणून मैद्याच्या ओळीत आता ‘हलका भरलेला कप → १२० ग्रॅम’ असं लिहिलं आहे. ग्रॅमवरून कपाकडे जाणारी ओळ ठेवलेलीच नाही. कृती ग्रॅममध्ये असेल तर काटा काढावा.