बाकी भरती

दादाचा निरोप सकाळी आला. "दोनच ओळी चांगल्या हायेत. बाकी निस्ती भरती." पुढं ट्रॅक्टरचं भाडं किती द्यायचं ते. मी पाठवलेल्या कवितेबद्दल एवढंच.

दिवसभर तेच डोक्यात. भरती. एकोणीस ओळींची कविता. तिच्यातल्या दोन ओळी चार-चारदा येतात, म्हणजे आठ गेल्या. उरलेल्या अकरा ओळींना तो भरती म्हणतोय, आणि माझा जीव गेला तो त्या अकरा ओळींतच. त्या दोन तर मानवतहून येताना एसटीतच सुचल्या होत्या.

व्हिलानेल या काव्यप्रकाराची रचनाच तशी आहे. तीन-तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचं एक. यमकं दोनच. पहिल्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ पुढच्या कडव्यांच्या शेवटी आळीपाळीनं येतात. आपल्या अभंगाचं ध्रुपद एकटंच फिरून येतं, इथं तशा दोन ओळी आहेत आणि त्या एकमेकींना चुकवत फिरतात. अगदी शेवटच्या दोन ओळींतच त्या पहिल्यांदा शेजारी येऊन बसतात. ज्याँ पासेरा या फ्रेंच कवीची हरवलेल्या होल्यावरची कविता या साच्याचं मूळ मानतात, ती 1606 साली छापली गेली. त्या होल्याच्या मागे जायचंय, एवढंच कवी फिरून फिरून म्हणतो. त्याला कुणी भरती म्हटलं असेल का?

माझं पहिलं कडवं असं:

सोयाबीन काढून झालं, रान मोकळं पडलं
चपला काढून उभी राहिले ऐन भर दुपारी
तुझं-माझं बोलणं असं दारापाशी अडलं

इथं एक पेच पडला. 'पडलं', 'अडलं' म्हटल्यावर त्या यमकाच्या सगळ्या ओळींत क्रियापद नपुंसकलिंगीच हवं. दार उघडलं, पाकीट सापडलं, काय घडलं, सगळं चालतं. पण 'नं' लावल्याशिवाय आई तिथं येऊ शकत नाही आणि दादा तर नाहीच नाही. "दादा रडला" म्हटलं की यमक मोडलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून यमक स्वस्तात मिळतं, आणि त्याची किंमत अशी वसूल होते. मग घरातली सगळी माणसं मधल्या ओळीत कोंबली. मधल्या ओळी सहाच, यमक 'दुपारी'चं. आई तिथं आली:

कुलपाला किल्ली लावली, दार नाही उघडलं
आई विचारते, हरभऱ्याची कधी करता तयारी?
सोयाबीन काढून झालं, रान मोकळं पडलं

ती ओळ पहिल्यांदा आली तेव्हा नुसतं शेत दिसत होतं. आता आईच्या तोंडचा टोमणा झाली. शब्द तेच, फक्त वरची ओळ बदलली. आता हिला भरती म्हणायचं? वरची ओळ नसती तर खालच्या ओळीत काही घडलंच नसतं.

हे दादाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला. मग वाटलं, आधी वाटणीचं बोलावं लागेल. ठेवून दिला.

फिरून येणाऱ्या दुसऱ्या ओळीत, बोलणं अडल्याच्या, आधी 'असं'च्या जागी 'मात्र' होतं. वाचायला बरं वाटायचं. पण 'मात्र' आलं की वरच्या ओळीत उलट काहीतरी म्हणावंच लागतं, त्यामुळे ती ओळ जिथं यायची ती सगळी कडवी एकाच चालीची व्हायला लागली: तिकडं सगळं ठीक, इकडं आमचं अडलेलं. स्वतःचीच कीव. 'असं' टाकलं तशी ओळ सुटी झाली, वर जे असेल त्याचा अर्थ घ्यायला लागली. अगदी शेवटी, दोघी शेजारी आल्यावर, 'मात्र' परत आणलं:

सोयाबीन काढून झालं, रान मोकळं पडलं
तुझं-माझं बोलणं मात्र दारापाशी अडलं

काटेकोर नियमात हे बसत नाही, ओळ अक्षरशः तीच हवी. पण असा एखादा शब्द हलवलेला चालवून घेतात. दादाला तो बदल दिसला नसणार. की दिसला, म्हणूनच ट्रॅक्टरच्या भाड्यावर गाडी वळवली?

संध्याकाळी परत वाचली तेव्हा हसूच आलं. चौथ्या कडव्यात 'आईची सुपारी' आहे. आमच्या घरात सुपारी खातं कोण? यमकाला मिळाली म्हणून आणली. म्हणजे एक ओळ भरतीची आहेच, आणि दादाला आईचे दात माहीत आहेत. तिच्या जागी 'शेजारी' घालून पाहिलं. पण मग गावात कुणाच्या हाती पडली तर बांधाशेजारच्यांना वाटायचं, आपल्यावरच लिहिलंय, आणि त्यांचं-आमचं आधीच काही बरं नाही. त्यापेक्षा सुपारी राहू दे. भाडं पाठवून दिलंय.